परिशिष्टाच्या दारावरची पाटी

काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानमालेत महाभारतावरचे भाषण ऐकत होतो. वक्ते अभ्यासू होते, श्रोते जाणकार होते. बोलता बोलता वक्ते म्हणाले, “भांडारकर संस्थेने महाभारतातून गणपती काढून टाकला.” सभागृहात थोडी चुळबुळ झाली. माझ्या शेजारी बसलेले वयस्क गृहस्थ हळू आवाजात, पण नीट ऐकू येईल असे म्हणाले, “काढणारे हे कोण?”

दुसऱ्याच आठवड्यात मी ग्रंथालयात आदिपर्वाचा तो जाडजूड खंड काढून बसलो. गणपती कुठेही गेलेला नव्हता. खंडाच्या शेवटी, ‘परिशिष्ट १’ या भागात, अगदी पहिल्या क्रमांकावर तो बसलेला होता. काव्य रचून झाल्यावर ते शिष्यांना कसे शिकवावे या चिंतेत असलेले व्यास, त्यांच्या भेटीला आलेला ब्रह्मदेव, त्याने सुचवलेला लेखनिक, लेखणी थांबता कामा नये ही गणपतीची अट आणि अर्थ कळल्याशिवाय लिहू नये ही व्यासांची उलट अट, हे सारे तिथे पाठभेदांसह ओळींचे आकडे घालून छापलेले आहे. वक्त्यांनी खोटे सांगितले नव्हते, पण त्यांना जे दिसले त्याचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला होता. ती चूक त्यांच्या एकट्याची नव्हती. परिशिष्टाच्या दारावर जी पाटी लागते तिच्यावर काय लिहिले आहे आणि काय लिहायचे राहिले आहे, यात त्या चुकीचे मूळ आहे. मी स्वतः जुन्या कागदांचे संपादन करतो आणि माझ्याही पुस्तकाला परिशिष्टे आहेत, म्हणून या पाटीचा विचार मला करावा लागला.

आधी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले ते काम थोडक्यात सांगतो. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ १९१९ साली झाला. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकरांकडे प्रमुख संपादकपद आले. आदिपर्वाचा संपूर्ण खंड १९३३ साली बाहेर पडला आणि शेवटच्या पर्वापर्यंत पोचायला १९६६ साल उजाडले. देशभरातून पोथ्या जमवून त्या लिपींनुसार गटांत लावल्या होत्या. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम असे ते गट. या पोथ्या श्लोकाश्लोकाला ताडून पाहायच्या आणि त्यांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितका जुना पाठ उभा करायचा, अशी ती पद्धत होती. व्यासांच्या तोंडून निघालेला शब्द आपण छापला आहे, असा दावा सुखटणकरांनी कधी केला नाही. हाती असलेल्या पोथ्या जिथवर नेतात तिथवरचा हा पाठ आहे, इतकेच त्यांचे म्हणणे होते.

मग ज्या ओळी काही पोथ्यांत आहेत आणि काहींत नाहीत त्यांचे काय करायचे? त्या टाकायच्या नाहीत, हे ठरलेलेच होते. एखाददुसरा श्लोक असेल तर तो पानाच्या तळाशी छापला आणि त्याच्या क्रमांकाला चांदणी लावली. मजकूर लांबलचक असेल तर तो तळाशी मावेना, पानावर मूळ श्लोक दोनच उरायचे, म्हणून तो शेवटी परिशिष्टात नेला. वाचकाच्या दृष्टीने पहिली महत्त्वाची गोष्ट इथे आहे. तळटीप की परिशिष्ट हे ठरले ते लांबीवर. योग्यतेची उतरंड लावण्याचा त्यात हेतू नव्हता. द्रौपदीवस्त्रहरणाच्या प्रसंगी तिने केलेला कृष्णाचा धावा फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केलेल्या सभापर्वात तळटिपेत आहे, तर दुर्वास ऋषी शिष्यांसह पांडवांच्या आश्रमात उतरतात आणि द्रौपदीची थाळी कृष्णामुळे पुरी पडते ती कथा आरण्यकपर्वाच्या परिशिष्टात आहे. उर्वशीने अर्जुनाला दिलेला शापही तिथेच आहे. दोन्हीकडचा मजकूर एकाच न्यायाने बाजूला ठेवलेला आहे. पण मराठी कानाला ‘तळटीप’ म्हणजे अभ्यासकांची बारीकसारीक खटपट वाटते आणि ‘परिशिष्ट’ म्हणजे हद्दपारी. मुळात परिशिष्ट म्हणजे मागे उरलेले. वैदिक वाङ्मयात तर या नावाचे ग्रंथच आहेत आणि त्यांना कोणी टाकाऊ मानत नाही.

आता ती पाटी पाहू. चिकित्सक आवृत्तीत परिशिष्टातल्या प्रत्येक उताऱ्याच्या डोक्यावर एक छोटी टीप असते. इंग्रजीत, रोमन अक्षरांच्या खुणा वापरून लिहिलेली, एका ओळीची किंवा दोन ओळींची. मी तिला शीर्षटीप म्हणतो. ती दोन गोष्टी सांगते. हा उतारा मूळ संहितेतल्या कोणत्या अध्यायातल्या कितव्या श्लोकानंतर येतो ही एक, आणि तो कोणकोणत्या पोथ्यांत तसा घातलेला आहे ही दुसरी. पोथ्यांची नावे अक्षरांनी दिलेली असतात. एक अक्षर लिपीचे आणि त्यापुढचा आकडा त्या गटातल्या पोथीचा. खुणांची किल्ली ज्याच्याजवळ आहे त्याला एवढ्यावरून पुष्कळ कळते. उतारा फक्त देवनागरी पोथ्यांत असेल तर एक अर्थ, उत्तरेच्या सगळ्या पोथ्यांत असून दक्षिणेच्या पोथ्यांत नसेल तर वेगळा, आणि काश्मीरपासून केरळापर्यंत विखुरलेला पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जागी घुसवलेला असेल तर आणखी वेगळा. शेवटची खूण तर पोथ्या वाचणाऱ्याला फार बोलकी वाटते. बाहेरून आलेल्या मजकुराला घर नसते. एक लेखक त्याला इथे बसवतो, दुसरा तिथे.

ही शीर्षटीप तिच्या कामापुरती निर्दोष आहे. तिच्यात एकही शब्द फालतू नाही. आणखी एक गोष्ट तिथल्या संपादकांनी केली, तिचे मोल मला फार उशिरा कळले. मूळ संहितेत ज्या श्लोकानंतर तो उतारा काही पोथ्यांत येतो, त्या श्लोकाच्या पानावर खाली पाठभेदांमध्ये ‘इथे अमुक पोथ्या परिशिष्टातला अमुक क्रमांक घालतात’ अशी नोंद केलेली असते. म्हणजे दोर दोन्ही टोकांना बांधलेला आहे. संहिता वाचणारा परिशिष्टाकडे जाऊ शकतो आणि परिशिष्ट उघडणारा संहितेकडे परत येऊ शकतो.

यातले पहिले टोक बांधायचे राहिले तर काय होते ते पाहायचे असेल तर कोशांच्या पुरवण्या आठवाव्यात. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश सात विभागांत १९३२ ते १९३८ या काळात निघाला आणि पुरवणीचा विभाग १९५० साली आला. आता तिसऱ्या विभागात एखादा शब्द शोधणाऱ्याला तो मिळाला नाही, तर बारा वर्षांनी निघालेल्या वेगळ्या पुस्तकात तो असू शकेल हे त्याला कोण सांगणार? पुरवणीची प्रस्तावना कितीही चांगली लिहिली तरी ती वाचतो तो पुरवणी हातात घेतलेलाच माणूस. ज्याला सांगायची गरज आहे तो तिच्यापर्यंत पोचतच नाही. कोशकारांचा यात काही दोष नाही, छापून गेलेल्या विभागात मागे जाऊन खूण करता येत नाही. पण एकाच पुस्तकाच्या पाठीमागे परिशिष्ट जोडणाऱ्या आमच्यासारख्यांना ही सबब नाही.

महाभारताच्या त्या शीर्षटिपेत मग काय कमी आहे? आत काय आहे ते ती सांगत नाही. उतारा ओळखायचा तो क्रमांकावरून. ज्याला गणपतीची कथा वाचायची आहे त्याला ती पहिल्या क्रमांकावर आहे हे आधीच ठाऊक असावे लागते. आणि तो उतारा कोणी, कशासाठी वाचावा, वाचून काय मानावे आणि काय मानू नये, याविषयी तिथे मौन आहे. ही सगळी चर्चा सुखटणकरांनी आपल्या प्रदीर्घ इंग्रजी प्रस्तावनेत केली आहे, पण ती शंभर पाने वाचून मग परिशिष्टाकडे वळणारा वाचक किती असणार? गंमत अशी की आपल्या घरोघरच्या छापील पोथ्यांवर नीलकंठ चतुर्धरांच्या टीकेची छाप आहे. नीलकंठ सतराव्या शतकातले, मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे, पुढे काशीत स्थायिक झालेले. त्यांच्या पाठात गणपती पहिल्याच अध्यायात भेटतो. तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकाला गणपती जागेवर नाही हे जितके झोंबते तितके केरळातल्या वाचकाला झोंबण्याचे कारण नाही. दक्षिणेकडच्या पोथ्यांत ही गणपतीची कथा नाही, याकडे विंटरनित्झ या पंडिताने १८९८ सालीच लक्ष वेधले होते.

वेळ घालवायला म्हणून मी त्या दिवशी ग्रंथालयातच एका पाठकोऱ्या कागदावर त्या पहिल्या क्रमांकासाठी मराठी वाचकाला उपयोगी पडेल अशी शीर्षटीप लिहून पाहिली:

“हा उतारा आदिपर्वाच्या पहिल्या अध्यायात येतो. ब्रह्मदेवाने व्यासांना दिलेली भेट आणि गणपतीने लेखनिक होण्याचे केलेले मान्य एवढा भाग यात आहे. नीलकंठांच्या टीकेसह छापलेल्या महाभारतात तो मूळ मजकुरातच वाचायला मिळतो, पण सर्व प्रांतांच्या पोथ्यांत तो नाही, म्हणून इथे ठेवला आहे. महाभारताची कथा वाचणाऱ्याने हा भाग ओलांडला तरी पुढे काही अडणार नाही. ग्रंथ कसा वाढत गेला किंवा गणपतीला विद्येची देवता म्हणून स्थान कसे मिळत गेले हे पाहणाऱ्याने मात्र तो अवश्य पाहावा. उतारा इथे आहे याचा अर्थ तो सर्वांत जुन्या पाठात होता असे पोथ्यांवरून दाखवता येत नाही, एवढाच घ्यावा.”

पाच-सहा वाक्ये झाली. त्यातले शेवटचे वाक्य लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला आणि माझ्या मते तेच सर्वांत उपयोगाचे आहे. ते असते तर व्याख्यात्यांना ‘काढून टाकला’ हा शब्द सुचला नसता.

या मंडळींचे काम पुढे कुठवर गेले तेही सांगण्यासारखे आहे. हरिवंशाला परंपरा महाभारताचे ‘खिल’ म्हणते, म्हणजे पुरवणीच. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती केली तेव्हा तीनशेहून अधिक अध्यायांच्या प्रचलित हरिवंशातले ११८ अध्याय संहितेत राहिले. उरलेल्यासाठी १९७१ साली सबंध दुसरा खंड काढावा लागला. पुरवणीची परिशिष्टे तिच्या संहितेच्या बरोबरीला येऊन बसली. अशा खंडात शीर्षटिपा नसत्या तर वाचक हरवलाच असता.

हे सगळे मी दुसऱ्यांच्या ग्रंथाविषयी मोठ्या तोऱ्यात लिहितो आहे, पण माझी स्वतःची फजिती अजून सांगायची आहे.

एका देशमुख घराण्याच्या दप्तरातले अठराव्या शतकातले मोडी कागद मी काही वर्षांपूर्वी संपादित करून प्रसिद्ध केले. मागे चार परिशिष्टे जोडली. दुसरे परिशिष्ट कालगणनेचे होते. त्या कागदांवर वर्ष येते ते शुहूर सनाचे, आणि तेही आकड्यात नाही, अरबी संख्यावाचकांचे मराठी वळण करून. परिशिष्टाच्या तोंडाशी मी दोन पानांची प्रस्तावना लिहिली होती. हा सन इ. स. १३४४ च्या सुमारास कसा रूढ झाला, हिजरी सन चांद्र आणि हा सौर असल्यामुळे दोघांत पुढे अंतर कसे पडत गेले, शेतसाऱ्याच्या वसुलीला सौर वर्षच कसे सोयीचे, मृग नक्षत्रापासून वर्ष धरत म्हणून त्याला मृगसाल कसे म्हणत, असे सगळे तीत होते. लिहिताना मला ती फार आवडली होती. शुहूर सनावरून इसवी सन काढायचा तर काय मिळवायचे, हे मी दुसऱ्या पानाच्या शेवटच्या परिच्छेदात सांगितले होते. तेही ‘साधारणपणे ५९९’ असे, आणि अपवाद पुढच्या कोष्टकाखाली बारीक टाइपात.

पुस्तक निघाल्यावर वर्षभराने एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले. ते आपल्या तालुक्याचा इतिहास लिहीत होते आणि माझ्या पुस्तकातले एक पत्र बनावट असल्याचे त्यांनी साधार दाखवले होते. त्या पत्रावर वर्ष आहे ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. मिळून ११६१. पत्र पौष वद्यातले आहे. भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेत गेलेल्या आपल्या माणसांची काही खबर नाही, मन व्याकूळ आहे, असा त्यातला मजकूर. शिक्षकांनी ११६१ मध्ये ५९९ मिळवले आणि १७६० काढले. पौष वद्य म्हणजे जानेवारीचा उत्तरार्ध. आता १७६० च्या जानेवारीत भाऊसाहेब उत्तरेत गेलेलेच नव्हते. उदगीरची लढाई फेब्रुवारीत झाली आणि पडतूरहून फौज मार्चमध्ये निघाली. जी फौज निघालीच नाही तिच्याबरोबर गेलेल्यांची काळजी कोण करील? सबब पत्र मागाहून कोणीतरी रचलेले आहे. त्यांचा तर्क बिनचूक होता. चुकलो होतो मी.

शुहूर वर्ष मृगाला सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबर अखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. ते पत्र १७६१ च्या जानेवारीतले आहे. पानिपतची लढाई झाली पौष शुद्ध अष्टमीला, १४ जानेवारी १७६१ रोजी. पत्र त्यानंतरच्या पंधरवड्यातले, बातमी दक्षिणेत या गावापर्यंत पोचायच्या आधीचे. त्या दप्तरातला तो कदाचित सर्वांत जिवंत कागद. माझ्या शीर्षटिपेने एका चांगल्या अभ्यासकाच्या हातून तो बनावट ठरवला होता आणि त्यांचे पुस्तक आधी छापले गेले असते तर ते तसेच पुढे चालत राहिले असते.

दुसऱ्या आवृत्तीसाठी मी ती दोन पाने खोडली. खोडली म्हणजे परिशिष्टाच्या शेवटी नेली, फेकवत नव्हती. तोंडाशी आता एवढेच आहे:

“कागदावर इहिदे, इसन्ने, सलास अशा शब्दांत वर्ष दिले असेल तेव्हा हे परिशिष्ट पाहावे. शब्दांवरून आकडा काढण्याचे कोष्टक पहिल्या पानावर आहे. त्या आकड्यात कागद मृग ते डिसेंबर यांमधला असल्यास ५९९ आणि जानेवारी ते मृग यांमधला असल्यास ६०० मिळवावे. उदाहरणार्थ ११६१ सालचा श्रावणातला कागद १७६० चा आणि त्याच सालचा पौष वद्यातला १७६१ चा. मृग लागण्याच्या आगेमागे आठदहा दिवसांतल्या कागदाला या रीतीने वर्ष ठरवू नये, त्यासाठी तिथी-वार ताडून पाहावा लागतो. शकाचे वर्ष दिलेल्या कागदांना हे परिशिष्ट लागू नाही.”

आधी कोणत्या वेळी उघडावे, मग काय करावे, मग कुठे करू नये, असा क्रम आपोआप झाला. संपादनात हा क्रम उलटा का होतो याचे कारण मला आता दिसते. परिशिष्ट तयार करताना आपण जे शिकलो ते आपल्याला सर्वांत ताजे असते, म्हणून आपण ते आधी सांगतो. वाचकाचा हात मात्र एका विशिष्ट कागदावर अडलेला असतो. मसुदा तपासण्याची माझी आताची रीत साधी आहे. पुस्तक न पाहिलेल्या कोणालातरी एक कागद आणि परिशिष्टाची शीर्षटीप एवढेच देतो आणि तारीख काढायला सांगतो. शेजारच्या एका मुलीने, अकरावीतल्या, मागच्या उन्हाळ्यात ‘मृग म्हणजे कधी?’ असे विचारले. टिपेत ‘जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास’ हे शब्द तेव्हा घालायचे ठरले. गावाकडच्या माझ्या पिढीला तो प्रश्न पडलाच नसता.

शिक्षकांना मी दुरुस्ती कळवली. त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते. त्यांनी पत्राला आपल्या पुस्तकात जागा दिली होती, आणि मला एक सुचवले होते: “परिशिष्ट दोन पाहा, हे तुम्ही त्या पत्राखालीच का लिहीत नाही?” भांडारकरांच्या खंडात मी ती सोय पानोपान पाहिली होती, वाखाणलीही होती, पण आपल्या पुस्तकात करायचे सुचले नव्हते. आता शब्दांतले वर्ष असलेल्या प्रत्येक कागदाखाली ते तीन शब्द आहेत.

राहिले चौथे परिशिष्ट. त्यात दप्तरातले तीन कागद आहेत. पहिल्या आवृत्तीत मी त्या परिशिष्टाला ‘बनावट कागद’ असे नाव दिले होते. घराण्यातल्या एका वृद्ध बाईंनी ते वाचून मला घरी बोलावले, चहा दिला आणि विचारले, “आमच्या सनदा खोट्या आहेत असं तुम्ही छापलंत?” मला त्या व्याख्यानातले शेजारचे गृहस्थ आठवले. खरे म्हणजे तिन्ही कागदांची गोष्ट एक नव्हती. पहिल्यातले मायने त्या काळचे नाहीत आणि शिक्का दुसऱ्याच सालचा आहे, तो निःसंशय मागाहून केलेला. दुसरा ही एका हरवलेल्या सनदेची नक्कल आहे. नक्कल करणाऱ्याने तारीख चुकवली, पण मजकूर जुना असावा असे दुसऱ्या दोन कागदांवरून दिसते. एकाच शीर्षकाखाली ढकलून मी दोघांना एकच शिक्षा केली होती. आता परिशिष्टाचे नाव ‘अस्सलपणा सिद्ध न झालेले कागद’ असे आहे आणि प्रत्येकाला स्वतंत्र शीर्षटीप आहे: पहिल्याच्या टिपेत तो घराण्याच्या इतिहासासाठी वापरू नये, एकोणिसाव्या शतकात वतनाचे दावे कसे लढवले जात हे पाहायला वापरावा, असे लिहिले. दुसऱ्याच्या टिपेत मजकूर घ्यावा, तारीख घेऊ नये, असे.

तिसरा कागद अर्धा वाळवीने खाल्लेला आहे. त्याच्यावरची टीप मी चार वेळा लिहून खोडली. छापखान्याला मुदत दिवाळीनंतरची आहे, आणि बाईंनी त्याच घरातून आणखी एक रुमाल शोधून ठेवल्याचा निरोप कालच आला आहे.